रात्रभर पाण्यात राहिलेले उकडलेले बटाटे

नमस्कार. आजच्या विषयावर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: "रात्री बटाटे उकडून त्याच पाण्यात झाकून ठेवले, सकाळी सोलून वापरले, तर चालतं का? आम्ही तर वर्षानुवर्षं तसंच करतो."

"काही झालं नाही" हा अनुभव खोटा नाही. बहुतेक वेळा काही होत नाही, हेही खरं. पण जेव्हा होतं तेव्हा का होतं, हे कळल्याशिवाय आपण कुठे उभे आहोत ते कळत नाही. म्हणून मी एक साधी गोष्ट केली. सुमारे दोन किलो बटाटे आणि चार लिटर पाणी असं मोठं पातेलं रात्री दहाला गॅसवरून उतरवलं, झाकण ठेवलं आणि आत थर्मामीटर सोडून ठेवला. स्वयंपाकघरात अठ्ठावीस अंश तापमान होतं. एवढं पाणी रात्रीत थंडगार होईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पाऊण वाजता ते साठ अंशांवर होतं. पहाटे तीनच्या सुमाराला पंचेचाळीस. सकाळी सातला हात घातला तर कोमट लागलं, थर्मामीटरवर तेहेतीस अंश होते. म्हणजे झाकण आणि पाणी यांनी मिळून त्या बटाट्यांना रात्रभर उबेत ठेवलं होतं.

आता या उबेत काय घडतं ते पाहू. बटाटा जमिनीखाली वाढतो, त्यामुळे कितीही धुतला तरी त्याच्यावर मातीतल्या जिवाणूंचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूने स्वतःभोवती कवच घालून घेतलेली अवस्था. उकळत्या पाण्यात जिवंत जिवाणू मरतात, पण हे कवचातले बीजाणू शंभर अंशांवर अर्धा तास उकळूनही टिकू शकतात. उलट गरम झाल्यामुळे त्यातले काही जागे होतात, आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जिवाणू आपणच मारून टाकलेले असतात. मैदान मोकळं, वर ऊब, पाणी आणि मऊ झालेलं पिष्ट. त्यांना आणखी काय हवं?

यातला पहिला लक्षात ठेवण्यासारखा जिवाणू म्हणजे बॅसिलस सीरियस. तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान तो साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. माझ्या पातेल्याचंच गणित करू. पहाटे तीनला पाणी पंचेचाळीस अंशांवर आलं, बीजाणू जागे व्हायला एक तास धरा, आणि चार वाजता एका ग्रॅममध्ये फक्त दहा जिवाणू आहेत असं माना. सात वाजेपर्यंत सहा वेळा दुप्पट झाले, की होतात सहाशे चाळीस. हा आकडा घाबरवणारा नाही, आणि "आम्हाला काही झालं नाही" याचं कारणही बहुधा हेच आहे. पण तेच पातेलं दुपारी बारापर्यंत तसंच राहिलं तर सोळा वेळा दुप्पट होऊन संख्या साडेसहा लाखांवर जाते. विषबाधेची शक्यता साधारणपणे ग्रॅममागे एक लाखाच्या पुढे गंभीरपणे घेतली जाते. रात्रीपेक्षा सकाळचे "जरा वेळाने करते" म्हणून गेलेले तास जास्त महाग पडतात ते असे. खरी वाढ या गणिताइतकी सरळ नसते, हवामानाप्रमाणे ती मागेपुढे होते, पण दिशा हीच.

इथे एकजण म्हणाले, "मग पुन्हा चांगलं परतून घेतलं तर?" या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्या. परतताना जिवाणू मरतात. पण बॅसिलस सीरियस वाढताना एक विष सोडू शकतो, ज्याने खाल्ल्यानंतर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. ते विष उष्णतेने मोडत नाही, प्रेशर कुकरमध्येही नाही. म्हणजे कढईत जिवाणू मेले तरी त्यांनी करून ठेवलेलं विष पानात येतं.

दुसरा जिवाणू विरळा आहे, पण जास्त धोकादायक: क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. याला हवा नको असते. आणि उकळल्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते, वर झाकण असतं, बटाटा पाण्याखाली बुडालेला असतो. बटाटा फारसा आंबटही नसतो, तेही त्याला सोयीचं. १९९४ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहरात एका उपाहारगृहातून तीस जणांना या जिवाणूची विषबाधा झाली. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटे त्याच फॉइलमध्ये खोलीच्या तापमानाला ठेवले होते, नंतर ते पदार्थात मिसळले गेले. तिथे फॉइलने हवा अडवली, आपल्याकडे पाणी आणि झाकण अडवतं. एका रात्रीत इतकं व्हायची शक्यता कमीच, पण दोन दिवस तसंच राहिलेलं पातेलं मी स्वतः चाखूनही बघणार नाही. हे विष चांगलं उकळलं तर नष्ट होतं, पण त्या भरवशावर कुणी जेवू नये. एकाच्या दोन वस्तू दिसणं, पापण्या जड होणं, जीभ अडखळणं ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, सरळ रुग्णालयात जायचं.

वासावर भरवसा ठेवू नका, कारण ही दोन्ही विषं अन्नात असूनही वास आणि चव अगदी चांगली असू शकते. पाणी गढूळ दिसलं तर ते नुसतं पिष्टही असेल. फेस, बुडबुडे किंवा बुळबुळीतपणा असेल तर मात्र शंकेला जागाच उरत नाही, ते टाकून द्या.

मग करायचं काय? बटाटे शिजले की पाणी ओतून टाका, निथळा, आणि ताटात किंवा परातीत एका थरात पसरा, एकमेकांवर रचू नका. वाफ निघून जाऊ द्या. मोठे असतील तर दोन तुकडे करा, आतली उष्णता लवकर बाहेर पडते. दोन तासांच्या आत ते पसरट डब्यात फ्रिजमध्ये गेले पाहिजेत, तिथलं तापमान पाच अंशांच्या आत असावं. घाई असेल तर बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, निथळा, मग ठेवा. असे बटाटे तीन दिवस चांगले राहतात. शिवाय पाण्यात मुरलेला बटाटा सकाळी पाणचट लागतो आणि त्याचं क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, तेही टळतं. उकडलेल्या गाजर, फरसबी, फ्लॉवर, मटार यांनाही हेच लागू.

कच्चे सोललेले बटाटे पाण्यात ठेवणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे पाण्याचं काम बटाटा काळा पडू नये एवढंच. बटाटे थंड पाण्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले तर चालतात. ते ओट्यावर तसेच ठेवू नका, आणि चोवीस तासांच्या आत शिजवा.

शेवटचा प्रश्न एका ताईंचा होता: "काल रात्रीचं पातेलं आत्ता घरी ओट्यावर आहे, त्याचं काय करू?" ताई, रात्रीपासून आत्तापर्यंत ते फ्रिजबाहेरच असेल, तर घरी गेल्यावर टाकून द्या आणि पातेलं साबणाने घासून गरम पाण्याने धुवा. बटाटे पुन्हा उकडायला अर्धाच तास लागेल.