गोल्डन क्रॉस, डेथ क्रॉस आणि अडकलेला बाजार

श्रोतेहो, नमस्कार. आजच्या विषयाची एक अडचण आहे. शेअर बाजारातला गोल्डन क्रॉस समजावताना सगळेजण आलेख दाखवतात, आणि रेडिओवर आलेख दाखवता येत नाही. पण खरं सांगायचं तर आलेखच या बाबतीत बरीच फसगत करतो. तेव्हा कागद-पेन्सिल असेल तर जवळ घ्या, नसेल तरी चालेल. आकडे सोपे आहेत.

आधी नावं उलगडू या. एखाद्या शेअरचे किंवा निर्देशांकाचे गेल्या ५० दिवसांचे बंद भाव घ्यायचे, बेरीज करून ५० नं भागायचं. रोज नवा भाव आत येतो, सगळ्यात जुना बाहेर जातो. ही झाली ५० दिवसांची मूव्हिंग ॲव्हरेज. तशीच २०० दिवसांची. इथं दिवस म्हणजे बाजार चालू असलेले दिवस. ५० ची रेघ २०० च्या रेघेला खालून छेदून वर गेली की तो गोल्डन क्रॉस, तेजीचा इशारा. वरून छेदून खाली आली की डेथ क्रॉस. नावं अशी भारदस्त आहेत की बातमीच्या मथळ्यात बसायलाच जणू केलीत. आत मात्र शाळेतलं सरासरीचं गणित आहे, दुसरं काही नाही.

आता एक शेअर कल्पनेत घ्या. तो कुठंच जात नाहीये. ९५ रुपयांवरून रोज वीस-वीस पैसे चढत ५० दिवसांत १०५ वर जातो, तिथून तसाच ५० दिवसांत उतरून ९५ वर येतो, आणि पुन्हा चढतो. असं वर्षभर चाललंय. यालाच आपण बाजार रेंजमध्ये आहे म्हणतो, साइडवेज आहे म्हणतो.

याची २०० दिवसांची सरासरी किती? २०० दिवसांत दोन चढ आणि दोन उतार पुरे बसतात, म्हणून ती १०० वर आडवी पडून राहते. आणि ५० दिवसांची? भाव १०५ च्या शिखरावर पोचला त्या दिवशी मागचे ५० दिवस पाहा. त्यात ९५ पासून १०५ पर्यंतची अख्खी चढण आहे. तिची सरासरी १००. म्हणजे ५० ची रेघ खालून येऊन २०० च्या रेघेला भेटते ती कधी, तर भाव माथ्यावर असताना. टीव्हीवर ‘गोल्डन क्रॉस’ झळकतो, आपण १०५ ला घेतो, आणि दुसऱ्या दिवसापासून उतार सुरू होतो.

गंमत पुढेच आहे. भाव १०५ वरून घसरत १०० वर येतो, त्याला २५ दिवस लागतात. या सगळ्या काळात ५० ची सरासरी वरच चढत असते. कारण आज आत येणारा भाव १०३ असला, तरी बाहेर जाणारा ९७ असतो. आपण आलेख बघून स्वतःची समजूत घालतो की भाव जरा पडलाय, पण रेघ तर चढतेच आहे. मग भाव ९५ वर येतो. मागच्या ५० दिवसांत आता सगळी उतरण भरलेली, सरासरी पुन्हा १००, डेथ क्रॉस. आपण ९५ ला विकतो. एका फेरीत दहा रुपये गेले, दलाली आणि कर वेगळे.

खरा बाजार इतका घड्याळासारखा चालत नाही, हे कबूल. झोका लहान-मोठा असेल तर क्रॉस शिखराच्या आधी-नंतर पडेल. पण उशिराचं कारण तेच राहतं. ५० दिवसांच्या सरासरीतल्या भावांचं सरासरी वय सुमारे २५ दिवस असतं, २०० च्या सरासरीतल्यांचं सुमारे १००. चाल दीड-दोन वर्षं टिकणारी असेल तर महिना-दोन महिने उशीर पचतो. चालच अडीच महिन्यांत संपणार असेल, तर आपण पोचेपर्यंत मांडव उतरवायला घेतलेला असतो.

आता खरं उदाहरण, अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० या निर्देशांकाचं. २०१५ च्या पूर्वार्धात तो महिनोन्महिने २,०४० ते २,१३० च्या पट्ट्यात घुटमळत होता. साहजिकच दोन्ही सरासऱ्या एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. ऑगस्टमध्ये चीनच्या धास्तीनं बाजार काही दिवसांत कोसळला, आणि महिनाअखेरीला १,९९० च्या आसपास डेथ क्रॉस झाला. मोठी पडझड त्याआधीच होऊन गेली होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला निर्देशांक परत २,१०० च्या वर गेला. गोल्डन क्रॉस मात्र आला डिसेंबरच्या उत्तरार्धात, तेव्हा निर्देशांक २,०२० च्या जवळ उतरलेला. जानेवारीत तो १,९२५ च्या आसपास असताना पुन्हा डेथ क्रॉस. एप्रिलच्या शेवटी २,०९० च्या जवळ पुन्हा गोल्डन क्रॉस.

आठ महिन्यांत चार इशारे. ते प्रामाणिकपणे पाळणाऱ्या माणसाचा हिशेब करू. त्याच्याकडे १०० युनिट होते, १,९९० ला विकले. त्या पैशांत २,०२० ला साडेअठ्ठ्याण्णव आले. ते १,९२५ ला विकले आणि २,०९० ला परत घेतले, तर हाती उरले सुमारे ९१. शेजारी ज्यानं काहीच केलं नाही, त्याचे १०० तसेच.

जानेवारीच्या इशाऱ्यावर मात्र अन्याय नको. त्यानंतर महिनाभरात निर्देशांक आणखी पाचेक टक्के पडला, १,८२९ पर्यंत. इशारा खोटा नव्हता. फक्त परत आत घेणारा इशारा इतक्या उशिरा आला की वाचलेलं सगळं गेलं आणि वर पदरचं गेलं. आणि एप्रिलमधला गोल्डन क्रॉस चांगलाच टिकला: पुढचा डेथ क्रॉस डिसेंबर २०१८ मध्ये, २,६०० च्या वर. दहा वर्षांचा आलेख उघडलात तर हा शेवटचाच क्रॉस डोळ्यांत भरतो. आधीचे तीन कुठंतरी एकमेकींत गुंतलेल्या रेघांत दडून जातात. मघाशी आलेख फसवतो म्हणालो, तो असा.

मग बाजार अडकलाय हे ओळखायचं कसं? मी एक साधी गोष्ट करतो. क्रॉसची बातमी आली की आजच्या भावाशेजारी २०० दिवसांपूर्वीचा भाव लिहितो. २०० ची सरासरी आज चढणार की उतरणार, हे केवळ या दोन आकड्यांच्या फरकावर ठरतं. दोन्ही आकडे जवळपास सारखे, आणि महिन्याभरापूर्वी केलेल्या अशाच जोडीतही फरक नाही, तर समजावं की ती रेघ आडवी आहे आणि तिला ओलांडायला काहीच जोर लागलेला नाही. काहीजण दोन सरासऱ्यांत एक टक्का अंतर पडेपर्यंत थांबतात. त्यानं खोटे क्रॉस कमी होतात, पण खऱ्या क्रॉसला आणखी काही दिवस उशीर होतो, आणि तेवढ्या दिवसांत भाव कुठं गेलेला असेल हे आपल्या ९५-१०५ च्या शेअरवरच करून बघा. कागद अजून समोर असेलच.