छायाचित्राखालची ओळ

श्रोतेहो, नमस्कार. छायाचित्राखालची ओळ लिहिणाऱ्याने प्रसंग आधीच पाहिलेला असतो आणि त्यामुळे आपल्याच शब्दांतला दुसरा अर्थ त्याला दिसत नाही, ही या कामातली मुख्य अडचण आहे. ‘नव्या खेळाडूला टोपी घालताना प्रशिक्षक’ ही ओळ घ्या. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संघाची टोपी आहे. वाचणाऱ्याच्या मनात मात्र ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे हा रूढ अर्थ आधी जागा होतो आणि चित्रातले हसरे चेहरे त्या गैरसमजाला बळच देतात. येथे ‘खेळाडूला संघाची टोपी प्रदान करताना प्रशिक्षक’ असे लिहिले की वाक्प्रचार मोडतो आणि घटना तशीच राहते. ‘रस्त्यावर दिवे लावताना कर्मचारी’ या ओळीचेही तेच. ‘दिवे बसवताना’ म्हटले की उपहास उरत नाही.

वाक्प्रचार निदान ऐकताच खटकतात, पण ‘-ताना’ हा प्रत्यय त्याहून फसवा आहे, कारण छायाचित्रओळीत तो सर्रास येतो आणि क्रिया कोणाची हे तो नेहमीच सांगत नाही. ‘पळताना चोराला पकडणारे शिपाई’ यात पळत कोण होते? ‘पळणाऱ्या चोराला पकडणारे शिपाई’ असे विशेषण चोराला चिकटवून लिहिले की शंका मिटते. ओळ छापण्यापूर्वी प्रसंग ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याला ती चित्राविना वाचून दाखवावी आणि काय समजले ते विचारावे. तो हसला, तर त्याला समजावत बसू नये, ओळ बदलावी. शिवाय पान जुळल्यावर ती पुन्हा वाचावी, कारण शेजारच्या बातमीचे ‘टोळी गजाआड’ हे शीर्षक बक्षीस समारंभाच्या चित्रालगत आले, तर निर्दोष ओळीलाही नको तो अर्थ चिकटतो.

आता मुद्दाम केलेल्या विनोदाविषयी. सभेतल्या वक्त्याचे डोळे मिटलेले दिसतात आणि कोणीतरी ‘गहन चिंतनात मग्न’ अशी मिस्कील ओळ देतो. पापणी लवायला सेकंदाचा अंशच पुरतो आणि कॅमेऱ्याचा पडदा बहुधा त्याहूनही कमी वेळ उघडा असतो. म्हणून एका चित्रावरून माणूस झोपला होता की पापणी लवली होती, हे सांगता येत नाही. म्हणजे तो विनोद अपमानकारक तर आहेच, पण कदाचित खोटाही आहे. त्याच क्षणाच्या आधीची-नंतरची चित्रे पाहावीत. त्यांत डोळे उघडे असतील तर त्यांतलेच एक निवडावे, आणि तसे चित्र नसेल तर ओळीत केवळ नाव, पद व प्रसंग द्यावा. गमतीदार विशेषण, माझ्या मते, तेथे नकोच.