पंगतीनंतर उलट्या-जुलाब लागले तर

नमस्कार मंडळी. समजा बारशाचं जेवण आहे, दुपारी एकला पंगत उठली आणि चारच्या सुमाराला एका पोराला उलटी झाली, मग त्याच्या आजीला, आणि बघता बघता शेजारच्या दोन घरांतूनही तेच, पोटात मुरडा आणि जुलाब. इतक्या लवकर सुरू झालं ना, तर बहुतेकदा जंतूंनी जेवणात आधीच विष करून ठेवलेलं असतं. बासुंदी पहाटे आटवली, ढवळणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम होती, आणि पातेलं दुपारपर्यंत मांडवातच राहिलं, एवढं पुरतं. वास, चव काही बदलत नाही, आणि हे विष परत उकळूनही जात नाही, म्हणून उरलेली बासुंदी गरम करून कुणाला देऊ नका. थोडी मात्र स्वच्छ डब्यात घालून फ्रीजमध्ये वेगळी ठेवा, आरोग्य खात्याची माणसं तपासायला मागतात.

आता पेशंटचं बघू. धोका असतो तो अंगातलं पाणी आणि मीठ जाण्याचा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं घालायचं, लहान पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, अर्धं पाकीट पेल्यात टाकू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पोराला उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजायचं. घटाघटा दिलं की परत बाहेर येतं आणि आई घाबरून पाजणंच बंद करते, हे मी कितीदा बघितलंय. अंगावरचं दूध चालूच ठेवा. जुलाब थांबवायची गोळी मुलांना अजिबात देऊ नका, आणि शौचात रक्त किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये.

घरी थांबायचं नाही ते कधी? सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, पोर मलूल पडलंय किंवा पाणी पीतच नाही, शौचात रक्त, जोराचा ताप, पोटात गेलेलं सगळंच बाहेर येतंय. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा, हळूहळू जागेवर गेली तर पाणी फार कमी झालंय. एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं हे तर वेगळ्याच विषाचं लक्षण. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांच्यासाठी तर एवढीही वाट बघू नका.

आणि तीन घरांत त्रास आहे म्हटल्यावर आशाताईंना लगेच कळवा, कोण काय जेवलं, कुणाला किती वाजता सुरू झालं, आणि बासुंदी न खाल्लेल्यांपैकी कुणी आजारी आहे का, तेही सांगा.