बल्बला ऐकू येणारं वाय-फाय

मंडळी, आज बोलण्याआधी वाय-फायवर चालणारा एक बल्ब लावून दाखवतो. ९ वॅटचा, आपल्या नेहमीच्या पिनांच्या होल्डरमध्ये बसणारा. बटण तीनदा चालू-बंद केलं आणि बघा, भराभर लुकलुकायला लागला. काही बल्बना पाच वेळा करावं लागतं, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. या लुकलुकण्याचा अर्थ असा, की त्याला अजून कुठलंच वाय-फाय माहीत नाही आणि कुणीतरी नाव-पासवर्ड सांगेल म्हणून तो कान लावून बसलाय. इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पुढे फोनवर बल्बच्या अ‍ॅपमध्ये गोल फिरत राहतं, टक्के वाढतात, आणि दोनेक मिनिटांनी बल्ब सापडला नाही असा निरोप येतो. मग माणूस पासवर्ड पुन्हा टाकतो, पुन्हा टाकतो, आणि शेवटी बल्ब खराब म्हणून परत करतो. त्या दोन मिनिटांत आत काय चाललेलं असतं, ते आज सांगायचंय.

घरातलं राउटर हल्ली दोन वाटांनी बोलतं, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. ५ ची वाट वेगवान आहे, पण भिंतींपुढे लवकर दमते. २.४ ची संथ, पण आतल्या खोलीपर्यंत पोचते. बल्बमध्ये बसवलेली रेडिओची चिप स्वस्तातली असते आणि तिला फक्त २.४ कळतं. त्यात उत्पादकाचं फारसं चुकत नाही. चालू हो, बंद हो, मंद हो, एवढाच निरोप घ्यायचा असेल तर वेग काय करायचाय? लांबवर पोचणं महत्त्वाचं.

आता गंमत बघा. बल्बला अजून पासवर्ड माहीत नाही, म्हणजे तो तुमच्या वाय-फायवर नाही. मग फोन त्याला पासवर्ड सांगतो कसा? भराभर लुकलुकणाऱ्या बऱ्याच बल्बांत जी पद्धत असते, ती मला फार आवडते. फोन हवेत एकामागून एक पाकिटं सोडतो. ती कुलूपबंद असतात, आतला मजकूर बल्बला वाचता येत नाही. पण पाकीट किती लांब आहे, हे बाहेरून दिसतं. म्हणून फोन मजकुरात काही सांगतच नाही, लांबीत सांगतो. या लांबीचं पाकीट म्हणजे हे अक्षर, त्या लांबीचं म्हणजे ते. बल्ब एकेका चॅनलवर थांबून नुसत्या लांब्या मोजतो आणि त्यातून नाव-पासवर्ड जुळवतो. पण फोन ५ वर बोलत असेल, तर ही पाकिटं बल्बच्या कानावर थेट पडतच नाहीत. काही राउटर ती दुसऱ्या वाटेवरही सोडतात, मग काम होतं. काही सोडत नाहीत, किंवा अर्धीमुर्धी सोडतात. त्यामुळे शेजाऱ्याकडे लगेच जमलं आणि आपल्याकडे नाही, असं होतं.

फोन कुठल्या वाटेवर आहे, हे कसं ओळखायचं? बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या नावापुढच्या चाकावर दाबलं की Frequency दिसतं. तिथे `5 GHz` असेल तर कारण सापडलं. आयफोन हे सरळ दाखवत नाही.

माझी आत्या डोंबिवलीला राहते. आतोबांना रात्री उठावं लागतं, म्हणून बाथरूमजवळच्या बोळात मंद बल्ब हवा होता, अकराला आपोआप लागणारा. तिच्याकडे दोन्ही वाटांना एकच नाव, Sadan_203. असं असलं की फोनला कुठे बसवायचं हे राउटर आणि फोन आपसात ठरवतात, आणि राउटर जवळ असेल तर फोन ५ वरच जातो. सरळ उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन १० मिनिटं ५ बंद करायचं, किंवा त्याचं नाव वेगळं करायचं. हे करता येत असेल तर हेच करा. पण जोडणी करून गेलेल्या मुलाने त्या पानाचा पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता, आणि त्याचा फोन लागत नव्हता. घरोघरी हीच अडचण असते.

मग आम्ही घरातला दुसरा फोन घेतला, ज्यात सिम आणि नेट होतं. त्याच्या हॉटस्पॉटला राउटरचंच नाव दिलं, अक्षर न् अक्षर तसंच, मोठा S, मधली आडवी रेघ, आणि पासवर्डही तोच. सुरक्षेचा प्रकार WPA2 ठेवला आणि हॉटस्पॉटची वाट `2.4 GHz` निवडली. आयफोनचा हॉटस्पॉट असेल तर Maximize Compatibility चालू करायचं. त्याचं नाव मात्र फोनच्या नावावरून येतं, म्हणून फोनचंच नाव तेवढ्यापुरतं बदलावं लागतं. मग खरं राउटर बंद केलं. हे विसरू नका, नाहीतर एकाच नावाचे दोन जण समोर असतात आणि फोन पुन्हा ५ कडे पळतो. आत्याचा फोन आपोआप हॉटस्पॉटला जोडला गेला, कारण नाव-पासवर्ड ओळखीचे. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी दिली, ती नसेल तर अँड्रॉइडवर त्याला वाय-फायचं नाव वाचता येत नाही. बल्ब लुकलुकत ठेवला, आणि मिनिटभरात तो स्थिर झाला.

मग हॉटस्पॉट बंद केला, राउटर चालू केलं. अ‍ॅपमध्ये बल्ब ऑफलाइन दिसायला लागला तशी आत्या म्हणाली, "गेला बघ पुन्हा." तीन मिनिटं थांबलो, आला. बल्बने लक्षात ठेवलं होतं ते नाव आणि पासवर्ड. तेच नाव राउटरच्या २.४ वर ऐकू आलं की तो तिथे जाऊन बसतो.

तुमच्याकडे फक्त २.४ समजणारा जुना फोन पडून असेल आणि त्यात ते अ‍ॅप चालत असेल, तर काम याहून सोपं. त्याच खात्याने त्यात लॉगिन करा, बल्ब तिथून जोडा. बल्ब खात्याला बांधलेला असतो, त्यामुळे नव्या फोनमध्ये आपोआप दिसतो.

नंतर फोन ५ वर गेला तरी चालतं का, हे मला नेहमी विचारतात. चालतं. राउटरच्या आत दोन्ही वाटा एकाच घरात उघडतात, आणि अडचण होती ती फक्त पहिल्या ओळखीपुरती. ही युक्ती एका ठिकाणी मात्र अडते. राउटरवर सुरक्षा केवळ WPA3 ठेवलेली असेल, तर बरेच बल्ब हॉटस्पॉटवर जोडले जातात आणि घरच्या वाय-फायवर येतच नाहीत. तेव्हा त्या पानावर जाऊन WPA2 चालू करण्यावाचून गत्यंतर नाही.

आणखी एक. आत्याकडे पावसाळ्यात वीज दोन-तीनदा झपझप आली-गेली आणि बल्ब पुन्हा लुकलुकायला लागला. त्याच्या लेखी कुणीतरी बटण तीनदा दाबलं होतं. आत्याने हॉटस्पॉटचं नाव-पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. त्या वेळी तिने मला बोलावलं नाही, बल्ब जोडून झाल्यावर फक्त सांगितलं.