घोटभर सरबत आणि त्यानंतरचे दोन आठवडे

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांनी एखादं नवं पेय तयार करून बाटलीत भरलंय आणि आता गल्लीतल्या किराणा दुकानात उभं राहून ते लोकांना चाखायला द्यायचं ठरवलंय, त्यांच्याशी मी आज बोलणार आहे. बचत गटातल्या मैत्रिणी असतील, घरगुती उद्योग चालवणारी कुटुंबं असतील. बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. कोकम-जिऱ्याचं तयार सरबत, २०० मिलिलिटरची बाटली, छापील किंमत ३० रुपये, आणि ठिकाण विलेपार्ले पूर्व. पुढचे सगळे आकडे या उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही त्या जागी आपापले घाला.

सगळ्यांत महत्त्वाचं आधी सांगते. चव द्यायच्या संध्याकाळी किती बाटल्या गेल्या, यावर खूश होऊ नका आणि खट्टूही होऊ नका. माणसाला थंडगार घोट मिळतो, समोर कोणीतरी अगत्याने बोलत असतं, नाही म्हणायला जड जातं, मग तो एक बाटली घेतो. घरी नेऊन अख्खी बाटली प्यायल्यावर तो पुन्हा तीच मागायला आला का, हे पुढच्या दोन आठवड्यांत कळतं. शिवाय घोटभर चवीत गोड पेय पुष्कळदा बाजी मारतं. तोच गोडवा पूर्ण ग्लासभर प्यायला की नकोसा होऊ शकतो. कोका-कोलाने एप्रिल १९८५ मध्ये आपली चव बदलली, तेव्हा त्याआधी त्यांनी जवळजवळ दोन लाख लोकांना ती चाखायला दिली होती आणि ती लोकांना आवडलीही होती. तरी लोक इतके नाराज झाले की जुलैमध्ये जुनी चव परत आणावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला घोटाने चकवलं, तर आपण जास्तच सावध राहायला हवं.

आता दुकान कुठलं निवडायचं? पहिला मोह होतो स्टेशनला लागून असलेल्या दुकानाचा, कारण तिथे गर्दी असते. पण संध्याकाळी सातला लोकलमधून उतरलेल्या माणसाच्या खांद्यावर बॅग असते, हातात भाजी असते आणि नजर रिक्षाच्या रांगेकडे असते. तो घोट घेईलही, पण उद्या त्याच दुकानात येईल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा आतल्या गल्लीतलं, सोसायट्यांच्या फाटकांजवळचं दुकान बघा. शेजारी पिठाची गिरणी असेल तर फारच उत्तम. दळण होईपर्यंत माणूस थांबलेला असतो, त्याला बोलायला वेळ असतो, आणि मुख्य म्हणजे तो त्याच वस्तीत राहतो.

दुकानदाराशी बोलणं हा या कामातला सगळ्यांत नाजूक भाग. तुम्ही त्याच्या धंद्याच्या वेळेत त्याच्या काउंटरपाशी उभं राहायचं म्हणता, आणि आपलं मुंबईतलं दुकान असतं जेमतेम आठ-दहा फुटांचं. त्याच्या मनात तीन शंका असतात, तो बोलून दाखवो वा न दाखवो. गिऱ्हाइकाची वाट अडेल का? माल पडून राहिला तर परत घेणार का? आणि तुम्ही गेल्यावर हे मागायला कोण येणार? म्हणून आधीच जाऊन सरळ सांगा, "शेठ, शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ. वजनकाट्याच्या बाजूला येणार नाही, या कोपऱ्यात दीड फुटाचं स्टूल ठेवू. चव द्यायच्या बाटल्या आमच्या, तुमच्या मालाला हात लावणार नाही. तारीख उलटायच्या महिनाभर आधी उरलेला माल आम्ही बदलून देऊ." हा शेवटचा शब्द दिलात तर पाळा. पाळला नाही, तर आजूबाजूच्या चार दुकानांत बातमी जायला वेळ लागत नाही.

स्टूल आत ठेवायचं म्हणाले, कारण फुटपाथवर टेबल मांडलं तर पालिकेची गाडी ते उचलून नेऊ शकते आणि कटकट दुकानदाराच्या मागे लागते.

आणखी एक गोष्ट आधीच बघून ठेवा, ती म्हणजे फ्रिज. दुकानातला काचेच्या दाराचा उभा फ्रिज पुष्कळदा एखाद्या मोठ्या शीतपेय कंपनीने दिलेला असतो आणि त्यात दुसऱ्याचा माल ठेवू नये अशी त्यांची अट असते. मग तुमची बाटली बाहेर फळीवर राहणार, म्हणजे गिऱ्हाईक ती साध्या तापमानाची घेऊन जाणार. थंडीने गोडवा कमी जाणवतो. म्हणून बर्फासारखी गार चव देऊन कोमट बाटली विकलीत, तर घरी गेल्यावर तेच सरबत जास्त गोड लागतं आणि माणसाला वाटतं, दुकानात वेगळंच दिलं होतं. अशा दुकानात घोट देताना तोंडाने सांगा, "ताई, दोन तास फ्रिजमध्ये ठेवून प्या." किंवा मग दुकानदाराच्या घरगुती फ्रिजमध्ये सहा बाटल्यांची जागा मागून घ्या.

बाटल्या गार करायला बर्फ आणाल, तो पेटीत बाटल्यांच्या भोवती ठेवायचा, सरबतात अजिबात टाकायचा नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तो लोकांनी ओळखावा म्हणूनच. पेल्यांचंही बघा. प्लास्टिकचे पेले देशभर १ जुलै २०२२ पासून बंद आहेत, आणि आतून प्लास्टिकचा थर असलेले कागदी कपही राज्याने बंदीत घेतले. घेताना विक्रेत्याला थराबद्दल स्पष्ट विचारा. वापरलेले पेले टाकायला स्वतःची पिशवी आणा आणि जाताना सोबत न्या. दुकानासमोर आपल्या पेल्यांचा कचरा पडला तर पुढच्या वेळी जागा मिळत नाही.

घोट ३० मिलिलिटरचा पुरे. चव कळते आणि पोट भरत नाही. लहान मुलांना आईवडिलांना विचारल्याशिवाय देऊ नका. लोक विचारतात त्या प्रश्नांची खरी उत्तरं तयार ठेवा. साखर किती, उपवासाला चालेल का, रंग घातलाय का, किती दिवस टिकतं. मधुमेहाचं विचारलं तर लेबलवरचा साखरेचा आकडा वाचून दाखवा, "काही होत नाही हो" असं कधीही म्हणू नका. लेबलवर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक असतो. पार्ल्यातली माणसं बाटली उलटी करून तो बघतात, आणि बघावाच.

आता वार कसा ठरवायचा? बहुतेक जण आपल्या सवडीने ठरवतात. तो तुमच्या माल पोचवणाऱ्या माणसाच्या फेरीवरून ठरवा. समजा तो त्या गल्लीत दर सोमवारी येतो. मग चव शनिवारी द्या. शनिवारी बाटल्या जातील, रविवारी काही जण पुन्हा मागायला येतील आणि सोमवारी रिकामी फळी भरली जाईल. तेच मंगळवारी केलंत आणि बुधवारी माल संपला, तर पाच दिवस दुकानदार "आला नाही अजून" असं सांगत राहणार. चव आवडलेलं गिऱ्हाईक असं परत गेलं तर ते दुसऱ्यांदा विचारत नाही. त्या शनिवारी दुकानात निदान ३६ बाटल्या हव्यात. आणि त्या दिवशी सवलत देऊ नका. पाच रुपये कमी केलेत, तर माणूस चवीसाठी आला की स्वस्त मिळालं म्हणून, हे तुम्हालाच कळणार नाही.

आता हिशोब. तीन दुकानं घेऊ. पहिल्यात आधी आठवड्याला ६ बाटल्या जायच्या. चवीच्या संध्याकाळी ८५ जणांनी घोट घेतला, २२ बाटल्या गेल्या. पुढच्या आठवड्यात १२ गेल्या आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात १४. दुसऱ्या दुकानात आधी ५ जायच्या. चवीच्या दिवशी तब्बल ३१ गेल्या, पुढे ४ आणि मग ३. तिसऱ्या दुकानात आपण काहीच केलं नाही, तिथे उन्हाळा वाढला म्हणून ५ च्या ७ झाल्या. हे तिसरं दुकान मुद्दाम मोजायचं. पहिल्या दुकानातल्या वाढीतल्या दोन बाटल्या उन्हाच्या आहेत, हे त्याच्यामुळे कळतं. म्हणजे चौदातून सहा मूळच्या आणि दोन उन्हाच्या वजा केल्या की चवीमुळे आठवड्याला ६ बाटल्या वाढल्या.

खर्च बघू. ८५ घोट म्हणजे सुमारे अडीच लिटर, म्हणजे १३ बाटल्या. एका बाटलीचा बनवायचा खर्च १४ रुपये धरला तर १८२ रुपये. उभ्या राहणाऱ्या माणसाचे ७००, बर्फ आणि पेले २५०. एकूण ११३२. दुकानदाराला आपण २४ रुपयांना देतो, म्हणजे बाटलीमागे १० रुपये सुटतात. खर्च भरून निघायला सुमारे ११३ बाटल्या जास्तीच्या खपायला हव्यात. त्यातल्या २१ त्याच संध्याकाळी गेल्या, कारण एखादी तशीही गेली असती. उरल्या ९२. आठवड्याला सहाच्या हिशोबाने सुमारे पंधरा आठवडे.

हे पंधरा आठवडे कॅलेंडरवर मांडा. फेब्रुवारीच्या मध्यावर चव दिलीत तर मे संपता संपता पैसे वसूल होतात, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत पाऊस येतो. तेच काम मेमध्ये केलंत, तर आठवड्याला सहाचा आकडा पावसात टिकणार नाही. शिवाय मेमध्ये आपली अर्धी माणसं गावाला गेलेली असतात. वस्ती रिकामी आणि घोट घ्यायला उरतात ते जाता-येता थांबणारे. उन्हाच्या पेयाची चव उन्हाळा भरात असताना द्यायची असं वाटतं खरं, पण हिशोब फेब्रुवारीकडे बोट दाखवतो.

मोजायला वहीत एक पान पुरतं. चवीच्या दोन आठवडे आधीपासून दर सोमवारी फळीवरच्या बाटल्या मोजा, नवीन किती दिल्या ते लिहा. दुकानदाराला "कसं चाललंय?" असं विचारलं तर तो भिडेखातर "चांगलंय" म्हणतो, म्हणून बाटल्या स्वतः मोजा. चवीनंतर तिसऱ्या दिवशी एक चक्कर मारा आणि बाटली अजून समोर आहे की मागे सरकली, तेवढं बघा.

पहिल्या दुकानात महिनाभराने आणखी एकदा चव द्या. नव्या पाच दुकानांत एकेकदा उभं राहण्यापेक्षा मी हेच करेन, कारण तिथे दुकानदार आता स्वतःहून गिऱ्हाइकाला बाटली दाखवतो. दुसऱ्या दुकानात मात्र थांबा. तिथे ३१ जणांनी बाटली घरी नेली आणि जवळजवळ कोणीच परत आलं नाही. ते वाटसरू होते की बाटलीभर सरबत त्यांना गोड झालं, हे आधी शोधा. दुकानदाराला विचारून नेहमीच्या चार-पाच गिऱ्हाइकांना अख्खी बाटली द्या आणि आठवड्याने त्यांच्याशी बोला. बाटली अर्धी उरली असं दोघांनी जरी सांगितलं, तरी पुढची चव द्यायच्या आधी साखरेचं प्रमाण तपासून बघा.

नमस्कार.