जून 1971 चं पान

(दृश्य: लोखंडी कपाट, कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर)

हे शाळेचं जनरल रजिस्टर. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची यात एक ओळ असते. अमेरिकेत स्थायिक झालेले एक माजी विद्यार्थी गावी येणार म्हटल्यावर शाळेतल्या बाईंनी त्यांचा परिचय लिहायला घेतला तो इथून. पाहुण्यांच्या पदव्यांचा कागद त्यांनी बाजूला ठेवला, आणि बरंच केलं. पदव्या पाहुण्यांना पाठच असतात.

(दृश्य: पानावरून सरकणारं बोट)

यातली नावं अकारविल्हे नसतात, दाखल झाली त्या क्रमाने असतात. म्हणून आधी साल लागतं. पाहुणे 1975 ला चौथी पास झाले, म्हणजे पहिलीत आले जून 1971 ला. पान सापडलं, आडनाव काही सापडेना. गावात असं होतंच: पाटीलकीमुळे घराला एक आडनाव, पुढे कागदोपत्री दुसरं. मग बाईंनी वडिलांच्या नावावरून शोधलं. तशी दोन मुलं निघाली. शाळा सोडल्याची तारीख पाहिली तेव्हा कुठे खात्री पटली.

(दृश्य: जन्मतारखेचा रकाना, अगदी जवळून)

1 जून 1965. शेजारी तीच तारीख अक्षरी. आता वरच्या-खालच्या ओळी बघा, तिथेही 1 जूनच. घरी जन्माची नोंद नसली की गुरुजी जूनमध्ये सहा वर्षं पूर्ण भरतील अशी तारीख घालत. त्यामुळे या तारखेवरून वाढदिवसाचा उल्लेख करायचा नाही. जातीच्या रकान्यावर बाईंनी कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली आहे. तो रकाना व्यासपीठावर वाचायचा नसतो, आणि आम्हीही तो टिपलेला नाही.

(दृश्य: पारावर दोन वर्गमित्र)

आठवणी मात्र रजिस्टरात नसतात. त्यासाठी बाईंनी दोन वर्गमित्रांना वेगवेगळं विचारलं आणि दोघांच्या सांगण्यात जुळलं तेवढंच घेतलं. एकत्र बसवलं की एकाची आठवण दुसऱ्याच्या तोंडी जाते. जुळल्या त्या तीन गोष्टी: शनिवारी शेणाने सारवलेला वर्ग, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, आणि 1972 च्या दुष्काळातली सुकडी, जी घ्यायला घरून वाटी आणावी लागे.

(दृश्य: पटांगण, परिपाठ, लेझीम)

मुलं उन्हात बसलेली, म्हणून परिचय तीन मिनिटांचा. अमेरिका एका वाक्यात आटोपली. बाईंनी आधी आठवणी सांगितल्या आणि नाव शेवटी घेतलं, तेही रजिस्टरातलं, जुन्या आडनावासकट.

(दृश्य: पाहुण्यांचा चेहरा. निवेदन थांबतं.)

शाल-श्रीफळ झालं. छपरासाठी पाहुण्यांनी मदत कबूल केली.

(दृश्य: टेबलावर उघडं रजिस्टर, भोवती चौथीची मुलं)

"सोडण्याचं कारण" या रकान्यात गुरुजींच्या अक्षरात लिहिलंय: पुढील शिक्षणासाठी. एक मुलगी ते मोठ्याने वाचते आणि पाहुण्यांना विचारते, "मग झालं का शिकून?"