तीनशे पट्ट्या, मिनिटाला साठ

(सांगलीत तरुण सॉफ्टवेअर अभियंत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. आज एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत उलगडू.

आपल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाले की संध्याकाळी अडत दुकानांतून हिशोबपट्ट्या निघतात. वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम, सगळं त्या कागदावर असतं. समजा, तुम्ही एक अ‍ॅप केलंय. दिवाणजी पट्टीचा फोटो टाकतात, तुमचा सर्व्हर तो एआय मॉडेलच्या एपीआयला पाठवतो आणि आकडे वेगळे होऊन परत येतात. दुपारपर्यंत तुरळक फोटो येतात, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. संध्याकाळी ३०० पट्ट्या एकदम येतात आणि लॉगमध्ये हे दिसायला लागतं:

```
18:42:07 patti=2291 status=429 retry in 2s
18:42:09 patti=2291 status=429 retry in 2s
18:42:11 patti=2291 status=429 retry in 2s
```

429 म्हणजे तुमच्या खात्याला ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली. आपल्या उदाहरणात ती मिनिटाला ६० विनंत्या धरू. पण दर मिनिटाला घड्याळ शून्यावर येतं आणि नव्या ६० मिळतात, असं बहुधा नसतं. ही मर्यादा टाकीसारखी चालते: टाकीत ६० विनंत्यांचं पाणी मावतं आणि सेकंदाला एक या धारेने ती भरत राहते. काही ठिकाणी टाकीच एवढी लहान असते की ६० सुद्धा एका दमात जात नाहीत. आपण उदारपणे धरू की पहिल्या ६० गेल्या. उरल्या २४०.

आता वरचा लॉग पुन्हा बघा. प्रत्येक विनंती बरोबर दोन सेकंदांनी परत येते. दोन सेकंदांत टाकीत पाणी भरतं दोघांपुरतं आणि दारात उभे असतात २४०. दोन आत जातात, २३८ परत फिरतात, आणि पुन्हा सगळे एकाच क्षणी येतात. दहा सेकंदांत काम होतं फक्त दहा पट्ट्यांचं आणि फुकट जातात ११७० विनंत्या. त्यातही काही सेवा फेटाळलेल्या विनंत्यासुद्धा मर्यादेत मोजतात. ओपनएआयच्या मार्गदर्शनात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे ते दहासुद्धा हाती लागतील याची खात्री नाही.

इथे प्रत्येक जण सांगतो की बॅकऑफ लावा. दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करा, १, २, ४, ८, १६ सेकंद, आणि सगळे एकाच वेळी परत येऊ नयेत म्हणून त्यात यादृच्छिकता, म्हणजे जिटर, मिसळा. बरोबरच आहे ते. उत्तरासोबत `retry-after` हे हेडर आलं असेल तर आपल्या गणितापेक्षा त्याचं ऐकायचं, त्याहून लवकर जायचं नाही.

```python
if retry_after:
    wait = retry_after + random.uniform(0, 3)
else:
    wait = random.uniform(0, min(30, 2 ** n))
```

पण हा कोड टाकून समाधान मानू नका. गणित करून बघा. पाच वेळा थांबण्याची बेरीज जास्तीत जास्त ३१ सेकंद, आणि जिटरमुळे सरासरी त्याच्या निम्मी. ३१ सेकंदांत टाकीतून ३१ पट्ट्या सुटतात. राहिलेल्या दोनशेहून अधिक पट्ट्यांचे पाचही प्रयत्न संपलेले असतात आणि दिवाणजींच्या फोनवर लाल अक्षरं येतात. कोड अगदी नियमाप्रमाणे चाललेला असतो! बॅकऑफ उपयोगी पडतो तो क्षणिक अडचणीला: एखादी 500, एखादी 503, अँथ्रॉपिककडची 529. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी येणारी गर्दी ही क्षणिक अडचण नव्हे. २४० पट्ट्यांना सेकंदाला एक या वेगाने चार मिनिटं लागणारच, त्याहून लवकर कोणतीही युक्ती त्या संपवणार नाही.

म्हणून गर्दी आपल्याच दारात थोपवायची. फोटो आला की तो रांगेत टाका, दिवाणजींना लगेच "पट्टी मिळाली" असं दाखवा आणि रांगेतून ठरावीक वेगानेच विनंत्या सोडा. हा वेग ठरवताना विनंत्यांची मर्यादा एकटी बघू नका, टोकनांचीही बघा. समजा, एका फोटोला सूचनांसकट १५०० टोकन लागतात आणि तुमच्या खात्याला मिनिटाला ३०,००० इनपुट टोकनांची मुभा आहे. म्हणजे मिनिटाला २० पट्ट्या. साठ विनंत्यांची मुभा कागदावरच राहिली. तीनशे पट्ट्यांना १५ मिनिटं लागतील, आणि अडत्यांना हे आधीच सांगितलं तर ते मान्य करतात. तेवढ्यात भागत नसेल तर फोटो लहान करा, सूचना आखडा किंवा मर्यादा वाढवून मागा.

आता पुन्हा प्रयत्न कुठे करायचे ते बघू, कारण इथला घोटाळा सहज दिसत नाही. ओपनएआय आणि अँथ्रॉपिक यांच्या पायथन लायब्ररी तुम्ही काही न सांगताच दोनदा पुन्हा प्रयत्न करतात, म्हणजे एकूण तीन. त्यावर तुम्ही स्वतःचं तीन वेळचं लूप लिहिलंत, झाले नऊ. रांगेचा वर्करही काम फसलं की तीनदा चालवतो, झाले सत्तावीस. एका पट्टीमागे २७ विनंत्या, आणि तुमच्या लॉगमध्ये दिसतात नऊच, कारण लायब्ररीच्या आतल्या तुम्ही नोंदवतच नाही. एकच थर निवडा. मी लायब्ररीत `max_retries=0` करून सगळं रांगेकडे देतो, कारण किती पट्ट्या खोळंबल्या आहेत हे फक्त तिलाच माहीत असतं. आणि 429 वरसुद्धा आंधळेपणाने परत जाऊ नका. एररच्या मजकुरात `insufficient_quota` असेल तर खात्यातले पैसे संपलेत, तिथे थांबून काही उपयोग नाही. 400 आणि 401 चंही तेच.

राहिला टाइमआउट. या दोन्ही लायब्ररींचा मूळ टाइमआउट दहा मिनिटांचा आहे. समोर nginx असेल तर तो मूळ सेटिंगला ६० सेकंद वाट पाहून 504 देतो. रांग नसलेल्या अ‍ॅपमध्ये मग असं होतं की दिवाणजींना बिघाड दिसतो, ते पुन्हा बटण दाबतात, आणि मागे पहिली विनंती अजून चालूच असते. उलट कुणी घाईने पाच सेकंद ठेवतं. मॉडेलला त्या पट्टीला एरवी आठ ते बारा सेकंद लागत असतील, तर प्रत्येक विनंती उत्तराच्या तोंडावर तुम्हीच तोडता. तुम्ही फोन ठेवलात म्हणून पलीकडचं काम थांबतं असं नाही, त्याची टोकनं तुमच्या बिलात लागू शकतात. म्हणून आधी चांगल्या दिवसाच्या वेळा मोजा. शंभरातल्या ९९ विनंत्या २० सेकंदांत होत असतील तर ४० ठेवा.

एक बारकावा मात्र लक्षात असू द्या. लायब्ररीतला हा आकडा बहुधा डेटाच्या दोन तुकड्यांमधल्या शांततेला लागू होतो, सगळ्या कामाला नाही. उत्तर स्ट्रीमने थेंबथेंब येत असेल तर ४० सेकंदांचा टाइमआउट असूनही विनंती तीन मिनिटं चालू शकते. एकूण मुदत वेगळी ठेवा, फोटो रांगेत आल्याच्या क्षणापासून मोजा, आणि पुढचा प्रयत्न त्या मुदतीत बसत नसेल तर तो करूच नका. ती पट्टी माणसाने बघायच्या यादीत टाका. आणि उत्तर साठवताना दुकान आणि पट्टी क्रमांक ही जोडी किल्ली म्हणून वापरा, नाहीतर उशिरा आलेलं पहिलं उत्तर आणि दुसऱ्या प्रयत्नाचं उत्तर मिळून शेतकऱ्याच्या नावावर एकच माल दोनदा चढेल.

हे सगळं खऱ्या एपीआयवर तपासायची गरज नाही. वीस ओळींचा खोटा सर्व्हर लिहा: सेकंदाला एकालाच 200 देणारा, बाकीच्यांना 429, आणि अधूनमधून कनेक्शन धरून गप्प बसणारा. त्यावर ३०० पट्ट्या सोडा आणि सर्व्हरच्या बाजूने मोजा, एकूण किती विनंत्या आल्या. तो आकडा ३०० च्या आसपास हवा. हजारात गेला तर कुठला तरी थर अजून आपल्या मनाने पुन्हा प्रयत्न करतोय, तो शोधा.